टेबलावरचा पांढरा डाग

पॉलिश केलेल्या सागवानी टेबलावर गरम पातेले ठेवल्याने पांढरे वर्तुळ उमटले आहे, ते कसे काढावे?

पांढऱ्या डागात ओल लाकडापर्यंत पोहोचलेली नसून पॉलिशच्या थरातच अडकलेली असते, त्यामुळे ती मंद उष्णतेने बाहेर काढता येते. डागावर कोरडे सुती फडके दुहेरी घालून, वाफ बंद केलेली इस्त्री सर्वांत कमी तापमानावर त्यावरून पाच-सहा सेकंद फिरवावी आणि प्रत्येक वेळी फडके उचलून पाहावे. जुने चपड्याचे पॉलिश उष्णतेने लवकर मऊ होते, म्हणून फडके किंचित जरी चिकटू लागले तरी लगेच थांबावे. टूथपेस्टने घासणे मी टाळतो, कारण त्याने चकाकी जाते. काळा डाग मात्र लाकडात उतरलेला असतो. तो पॉलिश काढल्याशिवाय जात नाही.