वेलनेस ब्रेक कागदावर आहे, टार्गेटमध्ये नाही

प्रश्न: मॅडम, मी पुण्यात एका कंपनीत कंटेंट मॉडरेटर आहे. काम परदेशी क्लायंटचं, लोकांनी टाकलेले व्हिडिओ आणि पोस्ट तपासायचं; तपासायला येणाऱ्या मजकुराची रांग, म्हणजे माझी क्यू, मराठी आणि हिंदी. दिवसाला 650 आयटम. गेले चार महिने मला सलग हिंसाचार, आत्महत्या आणि लहान मुलांवरच्या अत्याचाराच्या क्यूवर ठेवलंय. झोप उडाली आहे, धाकट्या भाचीला अंघोळ घालतानाही ते व्हिडिओ डोळ्यांसमोर येतात. टीम लीडर म्हणतो, 45 मिनिटांचा वेलनेस ब्रेक आहे ना, घे. मराठीला माणसं कमी आहेत, क्यू बदलून मिळणार नाही. 18 महिन्यांचा एक लाखाचा बाँड आहे, 11 महिने झालेत. पगार 20,500. क्यू उघडायला नकार दिला तर चालेल का? की सरळ सोडून देऊ?

उत्तर: उद्यापासून क्यू उघडणार नाही असं तोंडी सांगून बसू नका. नेमून दिलेलं काम नाकारलं, एवढीच नोंद तुमच्या फाइलला लागेल आणि मूळ विषय बाजूला पडेल. राजीनामाही या आठवड्यात नको. आधी एक हिशेब करा, कारण तुमचं प्रकरण त्या हिशेबावरच उभं राहणार आहे.

तुमची शिफ्ट नऊ तासांची, म्हणजे 540 मिनिटांची आहे असं धरते. जेवणाचा अर्धा तास आणि चहाचे दोन पंधरा-पंधरा मिनिटांचे ब्रेक गेले की 480 उरतात. त्यातून वेलनेसची 45 काढली की 435. आता 650 आयटम, आणि अशा कामात असतो तसा एका आयटमला सरासरी 40 सेकंदांचा हिशेब धरला, तर 26,000 सेकंद होतात, म्हणजे 433 मिनिटं. आख्ख्या दिवसात शिल्लक उरली दोन मिनिटं. एखादा व्हिडिओ दोनदा पाहावा लागला, सिस्टीम अडकली, किंवा एखादं दृश्य पाहून तुम्ही नुसत्या खुर्चीला टेकून बसलात, की ती वेळ वेलनेसमधूनच जाते. ब्रेक घेतला तर टार्गेट चुकतं आणि टार्गेट गाठलं तर ब्रेक बुडतो. तुमच्या शिफ्टचे खरे आकडे यात घाला. चित्र असंच निघालं, तर ब्रेक दिल्याचा कंपनीचा दावा तिच्याच आकड्यांनी पडतो.

आता कायदा. महाराष्ट्राचा 2017 चा दुकाने व आस्थापना कायदा तास मोजतो. ठरावीक तासांपेक्षा जास्त सलग काम नको, मध्ये किमान अर्धा तास विश्रांती हवी, असं तो सांगतो. तुमची कंपनी हे पाळते, त्यामुळे तिथे हाती फार काही लागणार नाही. त्या तासांत पडद्यावर साड्यांच्या जाहिराती होत्या की गळफास, हे तो कायदा विचारत नाही. तुमच्या कामाचा कायदा दुसरा आहे: व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कामाच्या परिस्थितीची 2020 ची संहिता, जी 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली. तिच्या कलम 6 प्रमाणे कामाचं वातावरण सुरक्षित आणि आरोग्याला धोका नसलेलं ठेवणं हे मालकाचं कर्तव्य आहे, ‘वाजवीपणे शक्य असेल तितपत’. हे शेवटचे शब्द लक्षात ठेवा, कारण सगळी ओढाताण त्यांच्यावरच होणार आहे. दिवसाला किती व्हिडिओ किंवा किती मिनिटं, असा आकडा संहितेत नाही. म्हणून तो आकडा तुम्ही मांडायचा, आणि तो शक्य का नाही हे कंपनीला लेखी सांगायला लावायचं.

‘मला ब्रेक हवा’ एवढंच लिहिलंत तर ‘ब्रेक आहे’ असं उत्तर येईल. तुमच्या जागी मी एचआरला ईमेलवर पुढच्या चार गोष्टी मागितल्या असत्या. यातले आकडे कायद्याचे नाहीत, माझे आहेत. घासाघीस होईल असं धरूनच मी ते ठेवलेत.

पहिली गोष्ट मर्यादेची. या तीन प्रकारांच्या क्यूवर एका शिफ्टमध्ये एकूण दोन तास, आणि एका बैठकीत अर्ध्या तासाहून जास्त नाही. शिफ्टचा शेवटचा तास कधीच नाही, म्हणजे घरी जाताना डोळ्यांत ताजं तेच राहणार नाही. दुसरी गोष्ट टार्गेटची: वेलनेसची मिनिटं आधी वजा करून उरलेल्या मिनिटांवर टार्गेट काढावं. ते लेखी मिळावं, आणि क्यू बदलल्यामुळे इन्सेंटिव्ह कापला जाऊ नये. ही दुसरी मागणी मान्य झाली नाही तर पहिली फुकट गेली असं समजा.

तिसरी रोटेशनची, आणि इथे शब्द जपून वापरा. हिंसाचारावरून आत्महत्येवर आणि तिथून बालअत्याचारावर फिरवणं हेही कागदावर रोटेशनच दिसतं. तुमच्या मागणीत ‘स्पॅम, बनावट खाती, कॉपीराइट अशा क्यूवर’ असं नाव घेऊन लिहा, आणि मुदतही घाला: दोन आठवडे जड क्यू, मग एक आठवडा पूर्ण बाहेर. ‘बिझनेस नीड’ म्हणून मध्येच परत बोलावलं, तर तेवढे दिवस पुढे भरून मिळावेत. चौथी मागणी पडद्याची आहे. व्हिडिओ आपोआप आवाज बंद करून आणि कृष्णधवल उघडावेत, आवाज किंवा रंग लागला तर तुम्ही स्वतः चालू कराल.

ही चौथी मागणी हवेतली नाही. कॅलिफोर्नियात सेलीना स्कोला या मॉडरेटरने 2018 मध्ये फेसबुकवर दावा लावला. 2020 मध्ये कंपनीने 5.2 कोटी डॉलर द्यायचं कबूल करून तडजोड केली, आणि आवाज बंद, चित्र कृष्णधवल, परवानाधारक समुपदेशकाशी दर आठवड्याला भेट या गोष्टी त्या तडजोडीत होत्या. तो आपल्याकडचा निकाल नाही, तिथलाही नाही, तडजोडच आहे. पण जे एका मोठ्या प्लॅटफॉर्मने तिकडे मान्य केलं, ते इकडे ‘वाजवीपणे शक्य’ नाही हे सांगताना कंपनीची पंचाईत होईल.

मराठीला माणसं कमी हे टीम लीडरचं म्हणणं बहुधा खरं असेल. पण ते अर्धंच आहे. मराठी कशाला लागते? शिवीगाळ, धमकी, अफवा, टोमणे ओळखायला. रक्तबंबाळ दृश्य ओळखायला मराठी लागत नाही. आवाज बंद केला की तो व्हिडिओ तमिळ किंवा बंगाली क्यूवरचा माणूसही तपासू शकतो. तेव्हा ईमेलमध्ये एक ओळ घाला: ज्या आयटमचा निर्णय भाषेवाचून होतो, ते सर्व भाषांच्या टीममध्ये वाटून द्यावेत. माझ्या मते तुमच्या अर्जातली ही सगळ्यात भक्कम ओळ ठरेल.

ईमेलच्या आधी मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. कंपनीचे समुपदेशक त्यांची जागा घेऊ शकत नाहीत. तुमचा पगार 21,000 च्या आत असल्याने कामगार विम्याची, म्हणजे ईएसआयची कपात होत असणार. पगाराची स्लिप पाहून खात्री करा आणि शक्य असेल तर ईएसआयच्या डॉक्टरांमार्फतच जा. प्रमाणपत्रात नुसतं ‘निद्रानाश, ताण’ असं लिहून घेऊ नका. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या 2013 च्या निदानपुस्तिकेत, म्हणजे डीएसएम-5 मध्ये, पडद्यावर पाहिलेली घटना आघातोत्तर विकारासाठी एरवी धरली जात नाही. ते पाहणं नोकरीचा भाग असेल तर मात्र धरतात. म्हणून कामाचं स्वरूप, किती महिने आणि रोज किती तास, हे डॉक्टरांना नीट सांगा. त्यांना पटलं तर ‘नोकरीतील कामामुळे’ हे शब्द आणि ‘अमुक आठवडे या प्रकारच्या क्यूपासून दूर ठेवावे’ ही शिफारस दोन्ही कागदावर यायला हवीत. हातात हा कागद असला की नकार देण्याची गरज उरत नाही; दुसरी क्यू द्या, काम करायला तयार आहे, असं तुम्ही लिहू शकता. रजाच घ्यावी लागली, तर वर्गणीचे दिवस भरलेले असल्यास ईएसआयकडून वर्षात 91 दिवसांपर्यंत पगाराच्या 70 टक्के आजारपणाचा लाभ मिळतो. आणि रात्री अगदीच असह्य झालं तर टेली-मानसचा 14416 हा सरकारी नंबर आहे, बोलणं मराठीत होतं.

पुराव्याबद्दल एक सक्त सूचना. त्या क्यूचा एकही फोटो, स्क्रीनशॉट किंवा लिंक बाहेर आणू नका, मला दाखवायलाही नको. मुलांवरच्या अत्याचाराचं चित्रण जवळ ठेवणं हा पोक्सोच्या कलम 15 आणि आयटी कायद्याच्या कलम 67ब खाली गुन्हा ठरू शकतो, आणि सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर 2024 च्या निकालात कलम 15 चा अर्थ आणखी कडक लावला आहे. कंपनीविरुद्धचा पुरावा गोळा करताना तुम्हीच आरोपी व्हाल. तुमच्या फ्लोअरवर मोबाइल आणि कागद नेऊ देत नसतील, तर घरी आल्यावर वहीत पाच गोष्टी लिहा: तारीख, क्यूचा प्रकार, त्यावरचे तास, आयटमची संख्या, घेतलेला ब्रेक. दृश्याचं वर्णन नको, खात्याचं नाव नको. रोज त्याच दिवशी लिहिलेली वही कामाला येते. महिन्याच्या शेवटी एका बैठकीत भरलेली वही उलटतपासणीत लगेच ओळखू येते.

ईमेलला पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही, किंवा आलेल्या उत्तरात टार्गेटचा उल्लेखच टाळला असेल, तर तीच कागदपत्रं जोडून पुण्याच्या कामगार आयुक्त कार्यालयात लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. संहितेच्या कलम 14 मध्ये आरोग्याला तातडीचा धोका असल्याचं मालकाला आणि निरीक्षकाला एकाच वेळी कळवण्याचीही सोय आहे, पण ती दारात उभ्या असलेल्या धोक्यासाठी. डॉक्टरांनी तसं लिहिलं तरच तो रस्ता धरा. ‘गोपनीयतेच्या करारावर सही आहे’ असं कोणी दरडावलं तर घाबरू नका. क्लायंटचा मजकूर उघड करू नका, एवढंच त्या कराराने बांधलेलं आहे. स्वतःची तब्येत डॉक्टरांना किंवा सरकारी अधिकाऱ्याला सांगण्यापासून कोणताही करार रोखू शकत नाही.

राहिला बाँड. तो कागदाचा कपटा आहे असं कट्ट्यावर ऐकाल, तर विश्वास ठेवू नका. मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका सरकारी बँकेचा दोन लाखांचा बाँड वैध ठरवला आहे. पण करार कायद्याच्या कलम 74 प्रमाणे बाँडमधला आकडा ही कमाल मर्यादा असते. कंपनीला मिळते ती वाजवी भरपाई. 18 पैकी 11 महिने तुम्ही भरलेत. कंपनीने तुमच्या प्रशिक्षणावर किती दिवस आणि किती खर्च केला हे तिला सांगावं लागेल. शिवाय तिचंच कर्तव्य चुकल्याने नोकरी सोडावी लागली, हे तुमचं उत्तर राहील. ते उत्तर टिकण्यासाठी मात्र एक पथ्य आहे. सोडायची वेळ आलीच, तर एचआर पोर्टलवर कारणाच्या रकान्यात सगळे निवडतात ते ‘वैयक्तिक कारण’ निवडू नका. ‘इतर’ निवडा, आणि तुमच्या ईमेलची तारीख, डॉक्टरांच्या प्रमाणपत्राची तारीख आणि क्यू बदलून मिळाली नाही, या तीन गोष्टी तिथे लिहा.