प्रसूती लाभ: दिवस कसे मोजतात, रक्कम कशी ठरते

ईएसआय म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेच्या प्रसूती लाभाबद्दल आलेल्या पत्रांपैकी पाच इथे घेतली आहेत. बहुतेकींचा गोंधळ एकाच ठिकाणी होतो. बाळंतपण आज असले तरी हिशेब कित्येक महिने आधीच्या पगारावर होतो, हे त्यांना कोणी सांगितलेले नसते.

प्रश्न : मॅडम, मी कापड कारखान्यात रोजंदारीवर शिलाई करते. रोज 520 रुपये. माझी तारीख 20 फेब्रुवारी 2026 आहे. दिवस राहिल्यापासून तब्येत बरी नव्हती, त्यामुळे एप्रिल ते सप्टेंबर 2025 मध्ये फक्त 58 दिवस कामावर गेले. त्याआधीच्या सहामाहीतही घरच्या आजारपणामुळे 41 दिवसच भरले. मला काही मिळेल का, आणि मिळालेच तर अगदी थोडे मिळेल का? — शिलाई कामगार, इचलकरंजी

मिळेल, आणि तुम्हाला वाटते तितके थोडेही नाही.

ईएसआयचे वर्ष दोन अंशदान काळांत विभागलेले असते : एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. प्रत्येक अंशदान काळाला तीन महिन्यांनी सुरू होणारा एक लाभ काळ जोडलेला असतो. एप्रिल ते सप्टेंबरच्या वर्गणीवर पुढच्या जानेवारी ते जूनमधले हक्क मिळतात आणि ऑक्टोबर ते मार्चच्या वर्गणीवर पुढच्या जुलै ते डिसेंबरमधले. तुमची तारीख फेब्रुवारीतली, म्हणजे तुमचा लाभ काळ जानेवारी ते जून 2026. त्याच्याशी जोडलेला अंशदान काळ एप्रिल ते सप्टेंबर 2025 आणि त्याच्या अगोदरचा ऑक्टोबर 2024 ते मार्च 2025. या दोन्हींत मिळून किमान 70 दिवसांची वर्गणी देय असावी लागते. तुमचे 58 आणि 41 मिळून 99 दिवस होतात. एकाच सहामाहीत 70 भरले पाहिजेत असे तुम्हाला कोणी सांगितले असेल तर ते चुकीचे आहे.

आता रक्कम. लाभाचा रोजचा दर म्हणजे तुमच्या सरासरी रोजच्या पगाराची पूर्ण रक्कम, शंभर टक्के. ही सरासरी काढताना लाभ काळाशी जोडलेल्या अंशदान काळातला एकूण पगार, ज्या दिवसांचा पगार मिळाला फक्त तेवढ्या दिवसांनी भागतात. सहा महिन्यांच्या सगळ्या दिवसांनी भागत नाहीत. तुमचे 58 दिवसांचे 520 प्रमाणे 30,160 रुपये होतात. त्यात समजा ओव्हरटाइमचे 1,740 रुपये मिळाले असतील, तर एकूण 31,900 झाले. त्याला 58 ने भागले की 550 रुपये रोज येतो. ओव्हरटाइमवर वर्गणी कापली जाते आणि तो सरासरीतही धरला जातो, म्हणून तुमचा दर 520 पेक्षा वर गेला.

हा दर 26 आठवड्यांसाठी मिळतो, म्हणजे 182 दिवस, रविवार आणि सुट्ट्या धरून. 550 गुणिले 182 म्हणजे 1,00,100 रुपये. खाडे झाले म्हणून दर पडला नाही, कारण खाड्याचा दिवस वरच्या पगारातही नाही आणि खालच्या भागाकारातही नाही.

तारखेच्या आधी जास्तीत जास्त 8 आठवडे घेता येतात. तुमच्या बाबतीत ती रजा 26 डिसेंबर 2025 पासून सुरू करता येईल आणि 26 आठवडे 25 जून 2026 ला पुरे होतील. रजा डिसेंबरात सुरू झाली तरी लाभ काळ ठरतो तो बाळंतपण कधी झाले किंवा अपेक्षित आहे त्यावरून, त्यामुळे हिशेब वरचाच राहतो.

एक गोष्ट मात्र आजच तपासा. कंपनी दर महिन्याला ईएसआयच्या पोर्टलवर प्रत्येक कामगाराचा पगार आणि पगारी दिवस भरते. मासिक पगार असलेल्यांचे महिन्याचे सगळे दिवस भरायचे असतात; रोजंदारीवाल्यांचे जेवढ्या दिवसांचा पगार दिला तेवढेच. काही ठिकाणी सवयीने सगळ्यांनाच 30 किंवा 31 टाकले जातात. तुमच्या नावावर 58 ऐवजी पूर्ण 183 दिवस भरले गेले असतील, तर तेच 31,900 रुपये 183 ने भागले जातील, दर साधारण 174 रुपये येईल आणि लाखाचा लाभ बत्तीस हजारांच्या आत येईल. यात धोका असा की पात्रतेत काहीच अडत नाही, उलट दिवस जास्तच दिसतात, म्हणून चूक कोणाच्या नजरेस येत नाही. पोर्टलवर आपल्या विमा क्रमांकाने लॉग-इन करून महिनावार दिवस आणि पगार पाहता येतो. फरक दिसला तर हजेरी आणि पगाराच्या पावत्या घेऊन आधी कंपनीकडे आणि मग शाखा कार्यालयात लेखी दुरुस्ती मागा. हे दावा करण्याआधी झालेले बरे.

प्रश्न : मी 1 जुलै 2025 ला या कंपनीत लागले. माझी तारीख 10 मार्च 2026. ऑफिसात सांगितले की तुमचा लाभ बसत नाही. अहो, 70 दिवस तर केव्हाच झाले! याआधी दोन वर्षे मी एका ठेकेदाराकडे होते, एप्रिलमध्ये सोडले. तिथेही ईएसआय कापत होते. — पॅकिंग विभाग, चाकण

तुमच्या पत्रातले शेवटचे वाक्य सगळ्यात महत्त्वाचे आहे.

जी व्यक्ती आयुष्यात पहिल्यांदाच ईएसआयमध्ये येते, तिचा पहिला अंशदान काळ कामाला लागल्याच्या दिवसापासून धरतात आणि तिचा पहिला लाभ काळ तिथून नऊ महिन्यांनी सुरू होतो. 1 जुलैला पहिल्यांदा आलेलीचा लाभ काळ 1 एप्रिल 2026 ला उघडतो. 10 मार्चचे बाळंतपण त्याच्या तीन आठवडे आधी येते, म्हणून दिवस कितीही भरले असले तरी रोख लाभ बसत नाही. ऑफिसने हाच हिशेब केला असणार.

पण तुम्ही पहिल्यांदा आलेल्या नाहीत. बहुधा नव्या कंपनीने जुना विमा क्रमांक न विचारता तुमची नवी नोंदणी केली आणि यंत्रणेला तुम्ही नवख्या दिसलात. हे फार ठिकाणी घडते, विशेषतः ठेकेदार बदलला की. विमा क्रमांक एकच असायला हवा, नोकऱ्या कितीही बदलल्या तरी. जुना क्रमांक धरला तर तुमचा लाभ काळ सरळ जानेवारी ते जून 2026 होतो आणि ऑक्टोबर 2024 ते सप्टेंबर 2025 मधले दोन्हीकडचे दिवस एकत्र मोजले जातात. ते 70 च्या बरेच पुढे जातील.

जुने कार्ड किंवा जुन्या पगाराची ईएसआय कपात दाखवणारी पावती शोधा. आधार आणि बँक पासबुकासह दोन्ही क्रमांक एकत्र करण्याचा अर्ज शाखा कार्यालयात द्या आणि पोच घ्या. बाळंतपणाची वाट पाहू नका. तोवर तपासण्या आणि बाळंतपण ईएसआयच्या दवाखान्यात, रुग्णालयात करून घ्या. औषधोपचाराचा हक्क नोंदणीच्या पहिल्या दिवसापासून असतो, त्याला नऊ महिन्यांची अट नाही.

प्रश्न : माझा पगार नोव्हेंबरपासून 17,000 वरून 20,500 झाला आहे. मेमध्ये बाळंतपण आहे. रजेत मला 20,500 प्रमाणे मिळेल ना? — अकाउंट्स सहायक, नाशिक

नाही, 17,000 प्रमाणे मिळेल. मे 2026 च्या बाळंतपणासाठी एप्रिल ते सप्टेंबर 2025 चा पगार धरला जातो आणि तुमची वाढ त्यानंतरची आहे. सहा महिन्यांचे 1,02,000 रुपये 183 दिवसांनी भागले की दर साधारण 557 रुपये येतो आणि 182 दिवसांचे सुमारे 1,01,400 होतात.

हीच तारीख जुलैत असती तर ऑक्टोबर ते मार्चचा पगार धरला गेला असता आणि वाढीचे पाच महिने हिशेबात आले असते. ते आपल्या हातात नाही, पण घरखर्चाची आखणी करताना कोणता आकडा धरायचा हे तरी आधी कळते. रजेच्या काळात पगार नसल्यामुळे तुमची वर्गणीही कापली जात नाही. मात्र ज्या दिवशी पगार घेऊन काम केले त्या दिवसाचा लाभ मिळत नाही. महिनाअखेरीला दोन दिवस येऊन हिशेब लावून द्या, अशी विनंती कंपनीकडून आली तर हे लक्षात ठेवा.

प्रश्न : आम्हाला दोन मुले आहेत, हे तिसरे. काहीच मिळणार नाही असे ऐकले. खरे का? — एक वाचक

खरे नाही. दोन हयात अपत्ये असतील तर 26 ऐवजी 12 आठवडे मिळतात, त्यातले आधी घेता येतात ते जास्तीत जास्त 6. दर तोच, 70 दिवसांची अट तीच. गर्भपात झाल्यास 6 आठवडे मिळतात. गरोदरपण, बाळंतपण, अपुऱ्या दिवसांचे बाळ किंवा गर्भपात यातून आजारपण आले तर डॉक्टरांच्या दाखल्यावर आणखी एक महिन्यापर्यंत वाढ होते. या जादा महिन्याचा दाखला वेळीच घेतला नाही म्हणून हक्क गेलेल्या बायका मी पाहिल्या आहेत. रजा संपायच्या आत दवाखान्यात जा.

प्रश्न : आमचा मालक पगारातून ईएसआय कापतो, पण पोर्टलवर गेल्या आठ महिन्यांत काहीच भरलेले दिसत नाही. माझे 70 दिवस कसे धरणार? — प्लास्टिक मोल्डिंग युनिट, वसई

नियमातला एक शब्द तुमच्या बाजूने आहे : देय. त्या दिवसांची वर्गणी देय असली की पुरे, मालकाने ती प्रत्यक्ष भरली की नाही यावर तुमची पात्रता ठरत नाही. त्याने भरले नाही तर ईएसआय महामंडळ त्याच्याकडून वसूल करते.

अडचण असते ती पुराव्याची. पोर्टल कोरे असल्यामुळे तुम्ही किती दिवस काम केले आणि किती पगार घेतला हे दाखवायची वेळ तुमच्यावर येते. कपात लिहिलेल्या पगाराच्या पावत्या, पगार जमा झाल्याच्या बँक नोंदी, हजेरी कार्डाचे फोटो, शिफ्ट लावल्याचे मेसेज, जे असेल ते महिन्याप्रमाणे लावून ठेवा. रोखीने पगार मिळत असेल तर सोबत काम करणाऱ्या दोघी-तिघींचे लेखी जबाब उपयोगी पडतात. हे जोडून शाखा कार्यालयात लेखी तक्रार द्या, त्यात कपात होते पण भरणा होत नाही हे स्पष्ट लिहा आणि पोच घ्या.

प्रसूती लाभाचा दावा मात्र वेगळा आणि वेळेवरच करा, तक्रारीच्या निकालासाठी थांबू नका. त्यासाठी ईएसआय डॉक्टरांचा अपेक्षित तारखेचा किंवा बाळंतपणाचा दाखला लागतो. दावा फॉर्म 19 वर करायचा आणि बँक खाते विमा क्रमांकाशी जोडलेले असायला हवे. कार्यालयाने तोंडी नकार दिला तर तो लेखी मागा, म्हणजे त्याविरुद्ध पुढे जाता येते. योजनेबाहेरच्या आस्थापनांत हा लाभ मालक स्वतः देतो आणि तिथे अट 80 दिवसांची असते. ती तुम्हाला लागू नाही. कोणी 80 सांगून परत पाठवले तर तुमचा विमा क्रमांक दाखवा.