तहसील कार्यालयात सोमवारच्या चहाला काय विचारावं?

प्रश्न: पुण्याहून बदलीवर यवतमाळ जिल्ह्यात तहसील कार्यालयात आलोय. सोमवारी चहाला एकाला सहज विचारलं, "सुट्टीत कुठं गेला होतात?" तो गप्पच झाला. मग विचारायचं तरी काय?

उत्तर: गडबड त्या ‘कुठं’मध्ये आहे. माणूस कुठंतरी गेला, त्याला दोन दिवस मोकळे मिळाले, खिशात पैसेही होते, एवढं सगळं तुम्ही आधीच धरून चाललात. २९ फेब्रुवारी २०२० पासून आपल्याला शनिवार-रविवार सुट्टी आहे खरी, पण शेजारच्या टेबलावरचा ऑपरेटर रोजंदारीवर असेल तर त्याच्यासाठी ती सुट्टी म्हणजे खाडा.

बरं, इथं निम्मा स्टाफ शेतकऱ्यांच्या घरचा. ऑक्टोबर धरा. सोयाबीनची सोंगणी झालेली, शेतात सुडी लावलेली, मळणीयंत्राचा नंबर लागलेला नाही आणि शनिवारी रात्री पाणी आलं. ताडपत्री उडाली तर दाणा काळा पडतो, कोंब फुटतात, बाजारात भाव पडतो. अशा सोमवारी "काय मंग भाऊ, तिकडं पाणी होतं का?" हा एरवी सगळ्यात बिनधोक प्रश्नसुद्धा टोचतो. त्या दिवसांत पाण्याचा विषय त्याला स्वतःहून काढू द्यावा.

मी आधी माझं काहीतरी साधं सांगतो. "काल दिवसभर लाइनच नव्हती, पंख्याविना झोपलो." मग थांबतो. समोरच्याला वाटलं तर तो त्याचं सांगतो, नाही तर लाइनीला शिव्या घालून मोकळा होतो. दोन्हीत गप्पा होतात. विचारायचंच असेल तर "काय मंग, बरं हाये ना?" एवढं पुरतं. त्याला "हो ना" म्हणून सुटता येतं.

"काल मटन झालं का?" हे इकडं सर्रास चालतं, पण चौघांत नको. कोणी खात नाही, कोणाचा महिना अखेरीला हात आखडलेला असतो, आणि उत्तरावरून जात ताडणारेही बसलेलेच असतात.

त्याहून वाईट म्हणजे "साहेबांच्या पोरीच्या साक्षगंधाला दिसला नाहीत?" आमंत्रण होतं की नव्हतं, हे त्या माणसाला सगळ्यांसमोर सांगावं लागतं. त्याला बोलावणं नव्हतं हे माहीत असेल, तर तिथल्या जेवणाचं वर्णनही त्याच्यासमोर टाळा. शिपाईकाका आणि कंत्राटी पोरं बहुतेक वेळा यातच बाजूला पडतात.

चुकून टोचलंच, तर ओळखू येतं. "घरीच होतो" एवढं बोलून माणूस मोबाइल काढतो किंवा फाइल ओढतो. तिथं "का बरं?" विचारू नका आणि लगेच माफीही मागू नका, त्यानं सगळ्यांचं लक्ष त्याच्याकडेच जातं. आपलं लाइनीचं पुढं चालू ठेवा. आणि तिशी ओलांडलेल्या शेतकऱ्याच्या पोराला कोणी हसत "पोरगी पायली का?" विचारलं, तर तो हसतोय म्हणून तुम्हीही हसू नका. "भाऊ, साताबाऱ्याचं सर्व्हर चालू झालं का पाहा बरं," म्हणून त्याला तिथून उठवा.