मॅचला इन्स्टा आयडी कधी द्यावा?

प्रश्न: डेटिंग ॲपवर मॅच झालेला मुलगा आठवडाभर इन्स्टा आयडी मागतोय. मी यवतमाळकडच्या खेड्यातली. देऊ का? आधी काय बघू?

उत्तर: व्हिडिओ कॉल झाल्याशिवाय नको. "नेटवर्क नाही" हे आपल्याकडे खरंही असतं, म्हणून एकदा सोडून द्या. तीनदा टाळलं की समजून जा.

कॉल झाला तरी आधी त्याचाच आयडी मागा. त्याच्या प्रोफाइलवर तीन टिंबं दाबून About this account उघडा. खातं कधी सुरू झालं ते तिथं दिसतं. दोन महिन्यांचं खातं आणि फोटो मात्र मॉडेलसारखे असतील, तर ते फोटो गूगल लेन्समध्ये टाकून बघा.

पण खरी गडबड आपल्याच खात्यात असते. माझ्या मावसबहिणीचं खातं प्रायव्हेट होतं. तिनं एका मॅचची रिक्वेस्ट घेतली आणि त्याला तिची फॉलोअर्सची अख्खी यादी दिसली: भाऊ, मामा, गावातली पोरं. पोळ्याच्या फोटोत मागच्या बॅनरवर गावाचं नावही होतं. गावात आडनाव कळलं की घर सापडतंच. पुढं तिनं नाही म्हटलं, तर त्यानं सरळ भावालाच चॅटचे स्क्रीनशॉट पाठवले. नंतर रिमूव्ह केलं तरी यादी त्यानं पाहिलेलीच होती ना!

म्हणून निदान एकदा यवतमाळात, गर्दीच्या ठिकाणी भेट होईपर्यंत ॲपवरच बोला. फारच आग्रह झाला, तर नातेवाईक नसलेलं, गावाचा फोटो नसलेलं वेगळं खातं द्या.