शेजाऱ्याला चिठ्ठी : रात्रीच्या आवाजाबद्दल काय लिहावे, काय लिहू नये

प्रश्न : वरच्या मजल्यावरील कुटुंबासाठी मी पुढील चिठ्ठी लिहिली आहे : ‘तुमच्या घरात रोज रात्री इतका गोंगाट चालतो की आम्हाला झोप लागत नाही. इमारतीत राहायचे तर इतरांचाही विचार करावा. यापुढे हे खपवून घेतले जाणार नाही.’ पत्नीच्या मते ही उद्धट वाटते, माझ्या मते स्पष्ट आहे. आपले मत काय?

उत्तर : चिठ्ठी उद्धट आहे हे खरेच, पण माझा मोठा आक्षेप असा की ती स्पष्टही नाही. ती वाचून वरच्या मंडळींना नेमके काय थांबवायचे आणि किती वाजल्यापासून, हे कळणार नाही. ‘रोज’ हा शब्द तर त्यांच्या हाती आयते उत्तर देतो, कारण त्यांपैकी एका रात्री ते बाहेरगावी गेलेले असले तर सगळी तक्रारच खोटी ठरवायला तेवढे पुरते. ‘गोंगाट’ हे वर्णन नसून निवाडा आहे, आणि निवाड्यावर माणूस वाद घालतो. दुसरे वाक्य उपदेशाचे आहे, ते पूर्ण गाळावे. तिसऱ्यात धमकी आहे, पण पुढे तुम्ही काय करणार हे त्यात नसल्यामुळे ती पोकळ वाटते.

मी ती अशी लिहीन :

‘सप्रेम नमस्कार. मी आपल्या खालच्या घरात राहतो. या महिन्याच्या ३, ६ आणि ८ तारखेला रात्री साडेअकरा ते एकच्या दरम्यान खुर्च्या सरकवल्याचा आणि गाण्यांच्या ठेक्याचा आवाज आमच्या झोपायच्या खोलीत सतत येत होता. मला पहाटे साडेपाचला उठावे लागते, त्यामुळे त्या तिन्ही रात्री माझी झोप झाली नाही. वरचा आवाज खाली इतका पोचतो याची आपल्याला कल्पना नसेल, म्हणून कळवीत आहे. रात्री साडेदहानंतर गाणी बंद ठेवावीत आणि खुर्च्या उचलून हलवाव्यात, ही विनंती. आवाज प्रत्यक्ष ऐकायचा असल्यास कोणत्याही संध्याकाळी आमच्याकडे जरूर यावे.’ खाली पूर्ण नाव, घराचा क्रमांक आणि दूरध्वनी क्रमांक.

या चिठ्ठीत ‘तुम्ही आवाज करता’ असे कोठेही म्हटलेले नाही. आवाज ‘येत होता’ असे म्हटले आहे. मराठीची ही सोय अशा वेळी फार उपयोगी पडते, कारण कर्ता बाजूला राहतो आणि घटना मात्र जशीच्या तशी सांगता येते. ठामपणा आला आहे तो तीन तारखांतून आणि ‘साडेदहानंतर’ या शब्दातून. ‘ठेवावीत’ हे रूप ‘ठेवा’पेक्षा मऊ आहे, तरी त्यात मागणी पुरती उतरते. तेथे ‘शक्य झाल्यास’ किंवा ‘जमल्यास’ जोडण्याचा मोह आवरावा, कारण समोरचा नेमका तेवढाच शब्द उचलतो आणि त्याला ते जमत नाही. ‘त्रासाबद्दल क्षमस्व’ हेही नको, कारण त्रास तुम्हाला होतो आहे. ‘कृपया’ एकदा लिहिले तर हरकत नाही. तीनदा लिहिले की चिठ्ठी जिन्यात लावलेल्या सूचनेसारखी दिसू लागते.

प्रश्न : शेजारी म्हणतात, ‘आम्ही आवाज अगदी बारीक ठेवतो, आमच्याच आतल्या खोलीत ऐकू येत नाही.’ आम्हाला मात्र धप्‌धप् ऐकू येते. ते खोटे बोलत आहेत का?

उत्तर : बहुधा नाहीत. गायकाचा आवाज, वाद्यांचे बारीक सूर हे भिंतीत बरेचसे अडतात. खालच्या पट्टीचे ठोके मात्र भिंतीपलीकडे सहज जातात. त्यामुळे त्यांना गाणे ऐकू येते आणि तुम्हाला त्याचा नुसता ठोका. स्पीकर जमिनीवर किंवा भिंतीला टेकवून ठेवला असेल तर त्याची कंपने थेट बांधकामातच उतरतात, आणि मग आवाज थोडा कमी करूनही तुमच्या बाजूला फारसा फरक पडत नाही. टाचा आपटत चालणे, खुर्ची ओढणे, जड वस्तू टाकणे यांचेही तसेच : तो आवाज हवेतून कमी आणि स्लॅबमधून अधिक येतो. आवाज करणाऱ्याला तो किरकोळ वाटतो, कारण खाली तो कसा पोचतो हे त्याला ऐकूच येत नाही.

म्हणून तुमच्या चिठ्ठीत ‘आवाज कमी करावा’ एवढेच लिहून भागणार नाही. असे लिहावे : ‘गाण्याचे शब्द आमच्याकडे येत नाहीत, फक्त ठोके येतात. स्पीकर भिंतीपासून दूर, जाड रबराच्या किंवा फोमच्या तुकड्यावर ठेवून आणि बास कमी करून पाहावा.’ खुर्च्यांचा त्रास असेल तर पायांना नमद्याच्या चकत्या लावण्यास सुचवावे. रबर आणि चकत्या यांनी आवाज घटतो, नाहीसा होत नाही. तेव्हा वेळेची मर्यादा चिठ्ठीतून काढू नये.

आणखी एक खबरदारी. बांधकामातून येणारा आवाज दिशेबाबत फसवतो. डोक्यावर वाजतो आहे असे वाटते आणि तो निघतो तिरप्या बाजूच्या घरातून. मी स्वतः एकदा वरच्या घरी चिठ्ठी देऊन आलो आणि दुसऱ्या दिवशी कळले की ती मंडळी आठवडाभर घरातच नव्हती. तेव्हापासून चिठ्ठीआधी आवाज चालू असताना जिन्यात जाऊन संशयित दाराबाहेर मिनिटभर उभा राहतो. हे जरा विचित्र दिसते, पण चुकीच्या घरी माफी मागण्यापेक्षा बरे.

प्रश्न : शेजारचे गृहस्थ वडीलधारे आहेत, मी त्यांना काका म्हणते. त्यांना ‘आपण’ लिहावे की ‘तुम्ही’?

उत्तर : बोलताना जे म्हणता तेच लिहावे. ज्यांना दारात ‘काका, तुम्ही’ म्हणता त्यांना कागदावर एकदम ‘आपण’ आले की काही तरी बिनसले आहे हे त्यांना मजकूर वाचण्याआधीच कळते. अनोळखी शेजाऱ्याला मात्र ‘आपण’ शोभते. त्यातही एक अडचण आहे : ‘आपण’चा अर्थ ‘तुम्ही’ही होतो आणि ‘तुम्ही-आम्ही मिळून’ असाही. ‘रात्री आपण आवाज कमी ठेवू या’ हे गोड वाटते, पण आवाज तुमच्या घरातून येतच नसताना हा खोटा सहभाग टोमण्यासारखा लागतो. ‘काका, रात्री साडेदहानंतर टीव्हीचा आवाज कमी ठेवाल का?’ हे सरळ विचारणे अधिक आदराचे आहे.

प्रश्न : नाव न घालता चिठ्ठी दाराखालून सरकवली, किंवा इमारतीच्या ग्रुपवर लिहिले तर?

उत्तर : दोन्ही नको. निनावी चिठ्ठीला उत्तर देता येत नाही आणि वाचणारा सगळ्या शेजाऱ्यांवर संशय घेत बसतो. ग्रुपवर लिहिले की त्याला आवाजाआधी अब्रू सांभाळावी लागते.

प्रश्न : चिठ्ठीनंतर नऊ दिवस शांतता होती, मग पुन्हा सुरू झाले. आता?

उत्तर : दुसरी चिठ्ठी पहिलीपेक्षा लहान असावी, आणि पहिलीची प्रत तुमच्याजवळ असावी. ‘१० तारखेच्या चिठ्ठीनंतर नऊ दिवस शांतता लाभली, त्याबद्दल आभार. २० आणि २२ तारखेला रात्री बारानंतर पुन्हा तोच आवाज आला. साडेदहाची वेळ पाळावी ही विनंती. असे पुन्हा घडल्यास मला इमारतीच्या व्यवस्थापनाकडे लेखी कळवावे लागेल.’ यातील आभार खरे आहेत, आणि ते उपयोगीही आहेत : आवाज कमी ठेवणे त्या घराला जमते, हे त्यातून त्यांच्या नऊ दिवसांवरूनच नोंदले जाते. शेवटचे वाक्य मात्र तुम्ही खरोखर कळवणार असाल तरच लिहावे.