सुरतचा व्यापारी थेट ग्राहकाला माल पाठवतो, तर पॅकिंग, ट्रॅकिंग आणि रिटर्न कसं सांभाळायचं?

मी पुण्यातून ऑनलाइन कुर्ते विकते. पार्सल सुरतहून जातं. ग्राहकाला व्यापाऱ्यांचं नाव आणि दर कळू नये, यासाठी काय करू?

उत्तर

कुरिअरचं लेबल तुम्ही स्वतःच्या खात्यातून काढा. पिकअपचा पत्ता सुरतचा, पाठवणाऱ्याचं नाव तुमचं आणि परतीचा पत्ता पुण्याचा ठेवा. लेबल आणि तुमचं बिल यांची पीडीएफ त्यांना पाठवा, ते छापून चिकटवतील.

दर फुटतो तो बहुतेकदा पिशवीतल्या बिलामुळे. व्यापाऱ्याचं बिल तुमच्या नावाचं असतं, ते तुम्हाला मेलवर हवं. पार्सलमध्ये फक्त तुमचं बिल, साधी पिशवी, त्यांचं कार्ड किंवा छापील टेप नाही, हे लेखी ठरवा. मात्र पॅकबंद कुर्त्यावरचा उत्पादकाचं नाव-पत्ता आणि एमआरपीचा मजकूर काढायला सांगू नका, तो कायद्याने लागतो.

खातं तुमचं असलं की ट्रॅकिंगही तुमच्याच हातात येतं. लेबल काढताच नंबर मिळतो, पण तेव्हा माल गोदामातच असतो. पहिला पिकअप स्कॅन दिसल्यावरच नंबर ग्राहकाला पाठवा. दुसऱ्या दिवशीही स्कॅन नसेल, तर माल संपलाय का ते फोन करून विचारा.

रिटर्न सुरतला थेट जाऊ देऊ नका. तिथल्या ढिगात तो कोणाचा हे कळत नाही. पुण्यात उघडताना व्हिडिओ काढा. सदोष किंवा चुकीचा माल त्यांनी किती दिवसांत बदलायचा आणि परतीचं भाडं कोणाचं, हे पहिल्या ऑर्डरआधीच ठरवा. साइज न बसल्याने आलेला कुर्ता ते बहुधा घेणार नाहीत, तो पुण्यातूनच पुन्हा विका.