‘व’ की ‘आणि’: एवढ्यावरून लेखक सापडतो का?

प्रश्न: कोणी ‘व’ जास्त वापरतो, कोणी ‘आणि’, यावरून निनावी पत्राचा लेखक ओळखता येतो असं वाचलं. हे खरं आहे का? कोर्टात टिकेल का?

उत्तर: ओळखता येतो, पण मजकूर लांबलचक असेल आणि संशयित मोजके असतील तरच. या पद्धतीचा सर्वांत गाजलेला विजय तसाच आहे. 1787-88 मध्ये न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रांत ‘पब्लियस’ या टोपणनावानं अमेरिकी राज्यघटनेच्या बाजूनं लेख आले. एकूण 85, त्यांपैकी 12 लेखांवर हॅमिल्टन आणि मॅडिसन या दोन्ही अमेरिकी नेत्यांचा दावा. 1964 मध्ये मॉस्टेलर आणि वॉलेस या संख्याशास्त्रज्ञांनी विषयाचे शब्द बाजूला ठेवून ‘अपॉन’, ‘व्हाइल’, ‘व्हाइल्स्ट’ असे किरकोळ शब्द मोजले. असे शब्द हातातून सवयीनं जातात, त्यांच्याकडे लिहिणाऱ्याचं लक्ष नसतं. हॅमिल्टन ‘अपॉन’ हजार शब्दांत साधारण तीनदा लिही, मॅडिसन पाच हजारांत जेमतेम एकदा. बाराही लेख मॅडिसनकडे झुकले.

आता हेच आकडे कोर्टाच्या टेबलावर ठेवून बघू. दोन हजार शब्दांच्या लेखात ‘अपॉन’ एकदाही नाही. हॅमिल्टनकडून सरासरी सहा अपेक्षित, त्यामुळे शून्य येण्याची शक्यता हजारात दोन-तीन. मॅडिसनच्या बाबतीत तीच शंभरात 67. पुरावा भक्कम. पण धमकीचं पत्र असतं दीडशे शब्दांचं! त्यात हॅमिल्टनकडूनही ‘अपॉन’ न येण्याची शक्यता 64 टक्के, मॅडिसनकडून 97. म्हणजे तराजू जेमतेम दीडपट झुकला. बरेच शब्द एकत्र मोजले तर बळ वाढतं, पण दीडशे शब्दांत त्यांतले बहुतेक शब्द एखाददुसऱ्या वेळीच येणार.

शिवाय तिथे लेखक दोघांपैकीच एक, हे आधीच ठरलेलं होतं. विषय, काळ, लेखनप्रकारही एकच. पोलिसांकडे असतो एक संशयित आणि त्याचे ऑफिसातले मेल. रागाच्या भरात लिहिलेलं पत्र आणि साहेबांना पाठवलेला मेल, दोन्हींत एकाच माणसाचं ‘पण’ आणि ‘परंतु’चं प्रमाण वेगळं निघू शकतं. आणि यादीत खरा लेखक नसेल तरी हिशेब कुणाला तरी ‘सर्वांत जवळचा’ ठरवतोच. तज्ज्ञानं साक्षीत ‘याच मेलशी जुळतं’ म्हटलं की विचारावं, आणखी किती जणांचं लेखन तपासलं? या पद्धतीनं दीडशे शब्दांच्या पत्रांत किती वेळा चूक होते?

2000 मध्ये न्यू जर्सीच्या फेडरल कोर्टानं शैली तुलनेच्या एका प्रकरणात मधला मार्ग काढला. तज्ज्ञानं साम्यं दाखवावीत, पण लेखक कोण हे सांगू नये. मला हे पटतं.

आपल्याकडे अजून एक पेच आहे. आरोपीचा पोलिसांपुढचा जबाब बहुधा हवालदाराच्या हातचा. ‘सदर’, ‘व’, ‘तसेच’ त्याचे. तो नमुना म्हणून घेतला, तर पत्राशी तुलना होणार ती हवालदाराची.